कागदावरचा अनुस्वार मॉडेलपर्यंत पोहोचावा म्हणून

ही पुस्तिका जुन्या मराठी मासिकांचे आणि वर्तमानपत्रांचे अंक स्कॅन करून त्यांतला मजकूर संगणकावर उतरवणाऱ्यांसाठी आहे. हे काम करणारी माणसे बहुतेक ग्रंथालयांतली असतात, काही स्थानिक इतिहासाची आवड असलेली, तर काही आजोबांच्या कपाटातले गठ्ठे वाया जाऊ नयेत म्हणून धडपडणारी. पूर्वी पान समोर ठेवून टंकलेखन करावे लागे. आता पानाचे चित्र एखाद्या भाषिक मॉडेलला द्यायचे आणि त्याने वाचलेला मजकूर तपासून घ्यायचा, अशी पद्धत रूढ होत आहे. या पद्धतीत सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न असा: चित्र जेपेगमध्ये द्यावे, पीएनजीमध्ये द्यावे, की वेबपीमध्ये?

याचे थोडक्यात उत्तर सोपे आहे. तिन्ही चालतात. अँथ्रॉपिकची क्लॉड मॉडेले जेपेग, पीएनजी, वेबपी आणि जिफ घेतात. ओपनएआयची मॉडेलेही हेच चार घेतात, फक्त जिफ हलते नसावे अशी अट आहे. गूगलची जेमिनाय मॉडेले जेपेग, पीएनजी, वेबपी यांच्याबरोबर आयफोनचे हाइकही घेतात. स्वतःच्या संगणकावर चालवायच्या मॉडेलांचे मात्र थोडे वेगळे आहे. तिथे चित्र उघडणारा प्रोग्राम कोणता, यावर सगळे ठरते. `llama.cpp` चित्र उघडण्यासाठी `stb_image` वापरतो. ते जेपेग आणि पीएनजी वाचते, पण वेबपी वाचत नाही. म्हणून जेपेग आणि पीएनजी कुठेही न्या, अडत नाही. वेबपी मोठ्या सेवांवर चालते, घरच्या मांडणीत चालेलच असे नाही. स्कॅनरमधून निघणारी टिफ फाइल आणि आयफोनमधली हाइक फाइल आधी बदलून घ्यावी, हे उत्तम.

ही यादी इतकी आखूड का, असे विचारले जाते. आलेली प्रत्येक फाइल सेवेला स्वतःच्या यंत्रावर उघडावी लागते, आणि फाइल उघडणारा प्रत्येक प्रोग्राम म्हणजे हल्ल्याला मिळालेली एक वाट असते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी उघडणाऱ्या `libwebp` मध्ये गंभीर दोष सापडला होता. मुद्दाम बिघडवलेले चित्र उघडताच परकी आज्ञावली चालू शकत होती, आणि ब्राउझरांना घाईघाईने दुरुस्त्या काढाव्या लागल्या. अशा परिस्थितीत जे फॉरमॅट सर्वत्र वापरात आहेत आणि ज्यांचे वाचक-प्रोग्राम वर्षानुवर्षे तपासले गेले आहेत, तेवढेच आत घेणे शहाणपणाचे ठरते.

पण फॉरमॅट स्वीकारला गेला म्हणजे पान नीट वाचले जाईल, असे नाही. या पुस्तिकेचा सगळा भर तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मॉडेलला फाइल दिसतच नाही. फाइल आत जाताच ती उलगडली जाते आणि तिचे पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. मूळ फाइल जेपेग होती की पीएनजी, याचा मागमूसही पुढे उरत नाही. त्यानंतर चित्र ठरलेल्या मापात बसवण्यासाठी गरज पडल्यास लहान केले जाते, चौकोनी तुकड्यांत विभागले जाते, आणि ते तुकडे मॉडेल वाचते. म्हणजे नुकसान होण्याच्या जागा दोनच. एक, फाइल साठवताना, म्हणजे आपल्याकडे. दुसरी, चित्र लहान केले जाते तिथे, म्हणजे सेवेकडे. फॉरमॅटचा संबंध फक्त पहिल्या जागेशी आहे, आणि लोक मात्र दोन्हींचा दोष फॉरमॅटवर घालतात.

पहिली जागा आधी पाहू. जेपेगचे मानक १९९२ साली आले. त्याच्या मुळाशी असलेले गणित नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. अहमद मूळचे बंगळूरचे. हे गणित चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाचे चौसष्ट आकडे काढते. पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजळपणा सांगतो, पुढचे आकडे अधिकाधिक बारीक फरक सांगत जातात. मग प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या भाजकाने भागून पूर्णांकात बसवले जाते. खरे काम इथे होते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या `libjpeg` मध्ये दर्जा ५० ठेवला तर पहिल्या आकड्याचा भाजक १६ असतो आणि सगळ्यात बारीक फरकाचा ९९. ९९ ने भागल्यावर अर्ध्याहून कमी उरणारा प्रत्येक आकडा शून्य होतो, आणि शून्य झालेला आकडा परत येत नाही. दर्जा ७५ ला हेच भाजक ८ आणि ५० होतात, ९० ला ३ आणि २०.

माणसाच्या चेहऱ्याच्या किंवा डोंगराच्या फोटोत हे खपून जाते, कारण तिथे रंग हळूहळू बदलतात. छापील अक्षराची कड मात्र एकदम काळ्यावरून पांढऱ्यावर जाते, आणि अशी कड उभी करायला बारीक फरकांचेच आकडे लागतात. ते गेले की अक्षराभोवती धुरकट कण उमटतात. मोठ्या अक्षराचे त्यात फार बिघडत नाही. बिघडते ते अनुस्वाराचे, रफाराचे आणि तुटक्या खिळ्यातून उमटलेल्या ऱ्हस्व उकाराचे. त्यातही भर काळ्या शाईचा ठिपका सहसा टिकतो. पिवळ्या पडलेल्या कागदावरचा पुसट ठिपका, जो आसपासच्या कागदापेक्षा थोडाच गडद आहे, तो जातो.

जुन्या मराठीत हे नुकसान फार मोठे ठरते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वी न उच्चारले जाणारे अनुस्वारही लिहिले जात. ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘त्यानें केलें’ अशा शब्दांनी त्या काळची पाने भरलेली असतात. चित्रातला ठिपका पुसट झाला की मॉडेल थांबत नाही. ते ‘काही’ लिहिते, ‘घरात’ लिहिते, कारण त्याच्या वाचनात बहुतेक मजकूर आजच्या लेखनाचा आहे. बाहेर येणारे मराठी अगदी शुद्ध असते. वाक्य अडखळत नाही, शब्द तुटत नाही, आणि म्हणूनच चूक डोळ्यांना दिसत नाही. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला जे हवे होते तेच नेमके निसटलेले असते. हस्तलिखितावर काम करणाऱ्या संपादकांना नकलनवीस आपल्या सवयीने मजकूर सुधारतो हे चांगले ठाऊक असते. इथे तीच गोष्ट प्रत्येक पानावर घडू शकते.

जेपेगची दुसरी काटकसर रंगात असते. डोळ्याला उजळपणातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून बहुतेक जेपेग फाइलींत रंगाची माहिती उभी आणि आडवी अर्ध्यावर आणून साठवतात. काळ्या मजकुराला याने काही होत नाही. पण मुखपृष्ठावरची लाल अक्षरे, ग्रंथालयाचा जांभळा शिक्का, समासातली लाल पेन्सिलीची टिपणे यांच्या कडा फिसकटतात. अशा पानांसाठी जेपेग घेऊच नये, किंवा साठवताना रंगाची काटछाट बंद करावी. ती सोय बऱ्याच प्रोग्रामांत 4:4:4 या नावाने मिळते.

पीएनजीत यातले काहीच घडत नाही. जिफमध्ये वापरल्या जाणाऱ्या आकुंचनाच्या पद्धतीवर युनिसिसचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस त्यासाठी शुल्काची घोषणा झाली, तेव्हा जाळ्यावरच्या मंडळींनी एकत्र येऊन पुढच्या वर्षी पीएनजी घडवले. त्यात आकुंचन होते, पण उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा मिळतो. किंमत मोजावी लागते ती आकाराची. जुन्या कागदाचा रवाळपणा, डाग, मागच्या पानाची झिरपलेली शाई हे सगळे पीएनजी इमानेइतबारे साठवते, आणि अशा गोंगाटाचे आकुंचन होत नाही. स्वच्छ पांढऱ्या पानाची पीएनजी लहान होते, जीर्ण पानाची अनेक पट मोठी. एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. जेपेग फाइल पीएनजीत बदलली म्हणून गेलेला ठिपका परत येत नाही. धुरकट कणांसकट जे उरले आहे ते फक्त न बिघडता साठवले जाते, आणि फाइल उगाच फुगते.

वेबपी गूगलने २०१० साली आणले आणि त्याची दोन रूपे आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. एक रूप जेपेगसारखे काटछाट करते, दुसरे पीएनजीसारखे काहीही न गमावता साठवते. दोन्हींचे शेपूट `.webp` च. काटछाटीच्या रूपात रंग नेहमीच अर्ध्यावर येतो, दर्जा १०० ठेवला तरी. त्यामुळे लाल टिपणांच्या पानांना ते रूप वापरू नये. न गमावणारे वेबपी मात्र पीएनजीपेक्षा सहसा लहान होते आणि पिक्सेल तेच देते. मोठ्या सेवेला पाठवायला मला ते पसंत आहे. कायमस्वरूपी जतनासाठी मात्र टिफ किंवा पीएनजीच ठेवावे.

आता दुसरी जागा. माझ्या मते मजकूर हरवतो तो मुख्यतः इथेच, आणि फॉरमॅटची चर्चा करताना तिच्याकडे कुणी पाहत नाही. समजा, ए-४ आकाराचे तीन रकान्यांचे मासिकाचे पान ३०० डीपीआयने स्कॅन केले. त्याचे माप २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल भरते, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. मजकुराचा टाइप १० पॉइंटचा असेल तर एका ओळीच्या अक्षरांना उंचीत सुमारे ४२ पिक्सेल मिळतात आणि अनुस्वाराचा ठिपका सहाएक पिक्सेलचा असतो. इतपत माहिती वाचनाला भरपूर आहे.

पण प्रत्येक मॉडेलाची एक कमाल मर्यादा असते आणि त्यापलीकडचे चित्र न विचारता लहान केले जाते. क्लॉड मॉडेलांच्या माहितीत बराच काळ दिलेला हिशेब असा होता: लांब बाजू १५६८ पिक्सेलपर्यंत आणि एकूण साधारण साडेअकरा लाख पिक्सेलपर्यंत. नव्या मॉडेलांत मर्यादा वेगळी असू शकते, त्यामुळे हा आकडा आपापल्या मॉडेलाच्या कागदपत्रांत पाहून घ्यावा. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही. वरचे पान या मर्यादेत बसवले तर ते साधारण ९०० गुणिले १२७५ वर येते. ४२ पिक्सेलचे अक्षर १५ चे होते आणि सहा पिक्सेलचा ठिपका दोनाचा. फाइल निर्दोष पीएनजी असली तरी तो ठिपका आता कागदावरच्या डागापेक्षा वेगळा ओळखता येत नाही.

यावर उपाय म्हणजे पान आपणच कापून द्यायचे. तीन रकाने असतील तर आधी रकान्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीतून उभे कापावे, मग प्रत्येक रकान्याचे तीन तुकडे करावे. साधारण ८२७ गुणिले १२५० चे नऊ तुकडे होतात, प्रत्येकी सव्वादहा लाख पिक्सेलच्या आसपासचे, आणि एकही लहान केला जात नाही. या मापात वरखालचे तुकडे एकमेकांवर सुमारे १२० पिक्सेल चढतात, म्हणजे दोन ओळींहून थोडे जास्त. हा चढाव ठेवायलाच हवा. नाहीतर नेमकी कापलेली ओळ दोन्ही तुकड्यांत अर्धवट येते आणि मॉडेल ती दोन्हीकडे आपल्या मनाने पुरी करते. तुकडे केल्यावर फाइलच्या आकाराची अडचणही आपोआप सुटते. चित्र पाठवताना ते बहुधा `base64` मध्ये लिहिले जाते, त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे फाइल एक तृतीयांशाने वाढते. पूर्ण पानाची जड पीएनजी याने मर्यादेबाहेर जाऊ शकते. नऊ तुकडे मात्र सुखाने बसतात.

आता फाइल दारातच अडते त्या प्रसंगांविषयी. सगळ्यात नेहमीचा प्रसंग म्हणजे नाव एक आणि आतला फॉरमॅट दुसरा. संकेतस्थळावरून उतरवलेले वेबपी चित्र कुणीतरी `paan.jpg` या नावाने ठेवते. संगणकावर ते व्यवस्थित उघडते, कारण दर्शक प्रोग्राम नाव न पाहता आतले बाइट पाहतो. सेवेला मात्र आपण `image/jpeg` असे सांगून पाठवतो आणि ती ते परत करते. तपासणे सोपे आहे:

```
$ file paan.jpg
paan.jpg: RIFF (little-endian) data, Web/P image
```

`file` ही आज्ञा हाताशी नसेल तर `base64` मजकुराची सुरुवात पाहावी. जेपेग `/9j/` ने सुरू होते, पीएनजी `iVBORw0KGgo` ने, वेबपी `UklGR` ने. शेपूट बदलल्याने फॉरमॅट बदलत नाही, फाइल उघडून नव्याने साठवावी लागते.

काही फाइली दारातून आत जातात आणि तरीही चुकीच्या वाचल्या जातात. फोनने काढलेल्या फोटोत पान उभे आहे की आडवे, हे पिक्सेलमध्ये नसून एका वेगळ्या नोंदीत असते. ती नोंद कुणी पाहिली नाही तर मॉडेलपुढे पान आडवे येते. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी रंगांत उलगडताना मागे काळे भरले गेले, तर काळी अक्षरे काळ्यात बुडतात, आणि मॉडेल चित्र रिकामे असल्याचे सांगते. छापखान्याकडून आलेली जेपेग फाइल चार शाईंच्या रंगपद्धतीत असते आणि काही प्रोग्राम तिचे रंग उलटे उघडतात. पहिल्या दोन अडचणी एकाच छोट्या प्रोग्रामने सुटतात:

```python
from PIL import Image, ImageOps

im = ImageOps.exif_transpose(Image.open("paan.webp"))
im = im.convert("RGBA")
kagad = Image.new("RGBA", im.size, "white")
kagad.alpha_composite(im)
kagad.convert("RGB").save("paan.png")
```

`exif_transpose` ची ओळ पान सरळ करते, पुढच्या ओळी त्याच्यामागे पांढरा कागद ठेवतात. चार शाईंची फाइल मात्र छापखान्यालाच आरजीबीमध्ये द्यायला सांगावी. त्यांच्याकडे रंगांची मूळ माहिती असते, आपल्याकडे नसते.

कार्यकर्त्यांत पाने पाठवण्याची जी सवय पडली आहे, तिच्याबद्दल आग्रहाने सांगायचे आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले पान लहान होते आणि त्याची नव्याने जेपेग होते. ते पुन्हा कुठून तरी साठवून पुढे गेले की भाजकांची तीच भागाकाराची फेरी परत होते. पान पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. ग्रंथालयात एकदाच उघडणारा, पुन्हा शिवणीला ताण देऊ नये असा अंक स्कॅन केलेला असतो. त्याची चांगली प्रत आपल्या हातात असताना मॉडेलला तिची तिसरी नक्कल देणे मला मान्य होत नाही.

ठिपके खरोखर पोहोचत आहेत का, हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. अंकातले एक पान निवडावे आणि त्यावरचे सगळे न उच्चारलेले अनुस्वार हाताने मोजावेत. मग तेच पान तीन प्रकारे द्यावे: पूर्ण पान पीएनजीत, पूर्ण पान दर्जा ९० च्या जेपेगमध्ये, आणि नऊ तुकडे जेपेगमध्ये. उतरलेल्या मजकुरातले अनुस्वार मोजून तिन्हींची तुलना करावी. पहिले दोन प्रकार जवळपास सारखेच निघाले आणि तिसरा पुढे गेला, तर दोष आकाराचा होता, फॉरमॅटचा नव्हता. तिन्ही सारखेच कमी पडले, तर ठिपका पोहोचत असूनही मॉडेल आजचे लेखन लादत असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी अक्षरन् अक्षर तसेच उतरवण्याची सूचना ठिपक्याच्या उदाहरणासह द्यावी लागते, आणि त्याबद्दल तिसरे प्रकरण आहे. पुस्तिकेतल्या दुसऱ्या प्रकरणात पान कापण्याची पूर्ण आज्ञावली दिली आहे. ती प्रत्येक तुकड्याच्या नावात अंक, पान, रकाना आणि वरून कितवा तुकडा हे चारही लिहिते. हे नाव बदलू नये, कारण नऊ तुकड्यांचा मजकूर परत एका पानात जोडताना चढावातल्या दोन ओळी कोणत्या तुकड्यातून वगळायच्या, हे त्या नावावरूनच ठरते.